तान्ह्या बाळाचा पाणावलेला डोळा
अश्रुनलिकेचा अडथळा : बोटाने दाब देण्याची रीत आणि प्रोबिंगची वेळ

बाळंतिणीच्या खोलीत दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात एक तक्रार हमखास ऐकू येते. बाळाचा एक डोळा सारखा पाणावलेला असतो. झोपेतून उठले की पापण्या चिकटलेल्या असतात आणि कोपऱ्यात पिवळसर चिपड साठलेले दिसते. बाळ दूध नीट पिते, वजन वाढते, डोळ्याचा पांढरा भागही स्वच्छ असतो. पण गालावरून पाण्याची रेघ काही थांबत नाही. घरातील वडीलधारी मंडळी कधी याला दृष्ट म्हणतात, कधी बाळंतिणीच्या थंड खाण्याला दोष देतात. खरे कारण मात्र डोळ्यात नसते, ते नाकात असते. नाकाच्या आत, अश्रू वाहून नेणाऱ्या नळीच्या तळाशी, कागदाहून पातळ असा एक पडदा उघडायचा राहून गेलेला असतो.

अश्रू जातात कोठे?

डोळ्याच्या वरच्या बाहेरील कोपऱ्याशी असलेली ग्रंथी दिवसभर थोडे थोडे अश्रू तयार करीत असते. पापणीच्या प्रत्येक उघडझापीबरोबर ते डोळ्यावर पसरतात आणि नाकाकडील कोपऱ्यात जमतात. तेथे वरच्या व खालच्या पापणीच्या कडेवर टाचणीच्या टोकाएवढे एकेक छिद्र असते. या छिद्रांतून दोन बारीक नळ्या निघतात आणि कोपऱ्याच्या किंचित खाली, नाकाच्या बाजूस असलेल्या एका लहानशा पिशवीत येऊन मिळतात. हीच अश्रुपिशवी होय. पिशवीच्या तळापासून एक नळी हाडाच्या आतून खाली उतरते आणि नाकपुडीच्या आत उघडते. रडताना नाकही गळू लागते, ते याच वाटेमुळे.

गर्भावस्थेत ही वाट प्रथम भरीव असते आणि हळूहळू पोकळ होत जाते. नाकातील तोंड सर्वांत शेवटी, जन्माच्या सुमारास उघडते. काही बाळांत ते उघडण्यास उशीर होतो. जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत अश्रू फार थोडे असल्याने हे लक्षात येत नाही. दोन-चार आठवड्यांनी अश्रू वाढतात, पिशवी भरते आणि पाणी परत वर येऊन डोळ्यातून ओघळू लागते. साठलेल्या पाण्यात जंतू वाढले की चिपड येते. म्हणजे चिपड हा मूळ रोग नसून साचलेल्या पाण्याचा परिणाम आहे.

हे समजले म्हणजे घरगुती उपायांची मर्यादाही समजते. काजळ, तूप, एरंडेल, गुलाबपाणी किंवा आईच्या दुधाचे थेंब यांपैकी काहीही तो पडदा उघडू शकत नाही. काजळाने तर पापणीवरील छिद्रे बुजण्याचा धोका असतो, शिवाय बोटाने नवे जंतू आत जातात. डॉक्टरांनी दिलेले प्रतिजैविक थेंबसुद्धा जंतू कमी करतात, वाट मोकळी करीत नाहीत. म्हणून पाच-सात दिवस थेंब घातले की चिपड कमी होते आणि थेंब थांबवले की पुन्हा येते. चिपड घट्ट व पिवळे-हिरवे असेल तेवढ्यापुरतेच हे थेंब वापरावयाचे असतात. औषधाच्या दुकानातून स्वतःच्या मनाने आणलेल्या थेंबांत पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेले असते. ते दीर्घकाळ वापरल्यास डोळ्यातील दाब वाढू शकतो. ते टाळावे.

प्रत्येक पाणावलेला डोळा असाच नसतो

दाब देण्यास आरंभ करण्यापूर्वी निदान पक्के करून घेणे आवश्यक आहे, कारण आणखी काही विकारांतही पाणी येते आणि तेथे वाट पाहणे घातक ठरते.

जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांतच पापण्या सुजून भरपूर पू येऊ लागला, तर तो नवजात बाळाचा जंतुसंसर्ग असू शकतो. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. बाळ उजेडाकडे पाहू शकत नाही, डोळे घट्ट मिटून घेते, बुबुळ नेहमीपेक्षा मोठे किंवा धुरकट दिसते, अशी लक्षणे असल्यास तो जन्मजात काचबिंदू असू शकतो. तेथेही डोळ्याला पाणी येते, पण उशीर केल्यास दृष्टी जाते. डोळ्याचा पांढरा भाग लाल होणे हे साध्या अडथळ्याचे लक्षण नव्हे.

आणखी दोन गोष्टी कोपऱ्याच्या खाली पाहाव्यात. जन्मतःच तेथे निळसर फुगवटा असेल, तर पिशवी वरून व खालून दोन्हीकडे बंद झालेली असते. असा फुगवटा नाकाच्या आतही वाढून बाळाच्या श्वासास अडथळा करू शकतो. आणि पुढे केव्हाही त्या जागी लाल, गरम, दुखरी सूज आली, बाळाला ताप आला, तर पिशवीत पू झालेला असतो. अशा वेळी दाब मुळीच देऊ नये आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

यांपैकी काहीही नसेल, डोळा पांढरा स्वच्छ असेल, आणि कोपऱ्यावर हलकेच दाबल्यावर छिद्रातून चिकट पाणी वर येत असेल, तर तो साध्या अडथळ्याचाच पुरावा समजावा.

बोटाने दाब देण्याची रीत

अमेरिकेतील डॉक्टर क्रिगलर यांनी १९२३ साली ही रीत वर्णन केली आणि आज शंभर वर्षांनंतरही प्रथमोपचार म्हणून तीच सांगितली जाते. आपण तिला मालिश म्हणतो, पण या शब्दामुळेच घोटाळा होतो. मालिश म्हटले की चोळणे डोळ्यांपुढे येते. येथे चोळावयाचे काहीच नाही. अश्रुनलिका हाडाच्या आत आहे, तिला बोट पोहोचूच शकत नाही. बोटाखाली येते ती फक्त वरची पिशवी. त्या पिशवीतील पाणी एकदम खाली ढकलावयाचे, म्हणजे त्या पाण्याच्या जोराने तळाचा पडदा फाटतो.

पिचकारीचा दांडा दाबताना तिच्या अंगाला वरच्या बाजूस छिद्र राहिले, तर पाणी तेथूनच उडेल आणि तोंडातून जोर येणार नाही. पिशवीचेही तसेच आहे. वरच्या दोन बारीक नळ्या प्रथम बंद केल्या नाहीत, तर दाबलेले पाणी उलट डोळ्यात येते आणि तळाशी जोर पोहोचत नाही. म्हणून या रीतीत दोन हालचाली आहेत आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे.

प्रथम हात साबणाने धुवावेत. बोटाचे नख पूर्ण कापलेले असावे, अंगठी काढून ठेवावी. पाणी उकळून, झाकून गार करून घ्यावे. गाळून उकळलेले पाणी आणि त्याची काळमर्यादा पाळण्याची रीत आपल्या घरांत आहेच, तेच पाणी येथे उपयोगी पडते. मात्र त्यासाठी लहान वाटी वेगळी ठेवावी. स्वच्छ कापसाचा बोळा भिजवून, पिळून, नाकाकडील कोपऱ्यापासून बाहेरच्या दिशेने एकदाच पुसावे आणि तो बोळा टाकून द्यावा. दुसऱ्या पुसण्याला दुसरा बोळा, दुसऱ्या डोळ्यालाही वेगळा. वाळलेले चिपड ओढून काढू नये. ओला बोळा क्षणभर ठेवला की ते सुटते.

मग बाळाला मांडीवर उताणे घ्यावे. डोके एका हाताने स्थिर धरावे. दुसऱ्या हाताच्या तर्जनीचे, किंवा बाळ अगदी लहान असल्यास करंगळीचे, टोक डोळ्याच्या नाकाकडील कोपऱ्यावर ठेवावे. बोट डोळ्यावर नको आणि नाकाच्या दांड्यावरही नको. त्या दोहोंच्या मधल्या खळग्यात हवे. ही पहिली हालचाल : तेथे आत, हाडाच्या दिशेने दाबावे. याने वरच्या नळ्या बंद होतात. दुसरी हालचाल : दाब न सोडता बोट नाकाच्या कडेने खाली, नाकपुडीच्या दिशेने, सुमारे एक ते दीड सेंटिमीटर आणावे. मग बोट उचलावे आणि पुन्हा वरून आरंभ करावा. खालून वर कधीही आणू नये.

दाब किती द्यावा? नुसती त्वचा सरकेल इतका कमी नको. खालचे हाड बोटाला जाणवले पाहिजे. बाळ कुरकुरेल, हात झटकेल, ते चालेल. पण त्वचा लाल होऊन सुजेपर्यंत जोर लावू नये. एका वेळी असे पाच ते दहा दाब आणि दिवसातून तीन-चार वेळा एवढे पुरे. दूध पाजण्यापूर्वी किंवा लंगोट बदलताना केल्यास विसर पडत नाही. दाबताना चिकट पाणी वर आले, तर पुसून घेऊन पुढचा दाब द्यावा.

एका बाळाची हकीकत

माझ्याकडे आलेल्या एका कुटुंबाची हकीकत येथे उपयोगी पडेल. चार महिन्यांची मुलगी, दोन्ही डोळे पाणावलेले, डावा जास्त. बरोबर आई आणि आजी. आजींच्या स्वरात कंटाळा स्पष्ट होता. "डॉक्टर, दोन महिने झाले, रोज न चुकता चोळतोय. तीन बाटल्या औषध झाले. तरी डोळा काही सुकत नाही."

"आजी, तुम्ही कसे चोळता ते जरा करून दाखवता का?" मी म्हटले.

त्यांनी अंगठ्याला खोबरेल लावण्याचा आविर्भाव केला आणि नाकाच्या दांड्यावर वर-खाली, वर-खाली असा सराईत हात फिरवला. आंघोळीच्या वेळी बाळाचे नाक सरळ व्हावे म्हणून जसे चोळतात, अगदी तसेच. बोट पिशवीवर एकदाही आले नाही आणि दाब वरच्या दिशेनेही जात होता. तेलाचा अंश मात्र डोळ्यात जात असावा. दोन महिने नेमाने केलेल्या कष्टांचा पाण्याच्या वाटेवर काहीच परिणाम झालेला नव्हता.

मी आजींचेच बोट धरून त्यांच्या स्वतःच्या डोळ्याच्या कोपऱ्याखालच्या खळग्यात ठेवले. हाडाची कड बोटाला लागली की जागा बरोबर, हे त्यांना लगेच उमगले. मग बाळाच्या आईने तसाच दाब दिला, तेव्हा डाव्या डोळ्याच्या छिद्रातून पिवळसर पाण्याचा थेंब वर आला. "अगं बाई, एवढं आत साठलं होतं होय!" आजी म्हणाल्या. मी आईला सांगितले, "वहिनी, थेंब वर आला म्हणजे बोट पिशवीवर आहे, पण वरची वाट अजून बंद झालेली नाही. बोट किंचित डोळ्याच्या कोपऱ्याकडे सरकवा आणि मग खाली आणा." तिसऱ्या-चौथ्या दाबाला पाणी वर आले नाही. ते खालच्या दिशेने दाबले जात होते.

तेल बंद झाले, काजळ बंद झाले, थेंब फक्त सहा दिवस दिले. सातव्या महिन्यात उजवा डोळा कोरडा झाला. एके सकाळी पापण्या चिकटलेल्या नव्हत्या आणि पुढेही चिकटल्या नाहीत. वाट उघडल्याची खूण बहुधा अशीच शांतपणे मिळते. डावा डोळा मात्र पाणावतच राहिला.

किती दिवस थांबावे?

हा अडथळा असलेल्या दहा बाळांपैकी साधारण नऊ बाळांचे डोळे पहिल्या वाढदिवसापर्यंत शस्त्रक्रियेविना मोकळे होतात. सहा महिने उलटले तरी आशा संपलेली नसते. सहा ते दहा महिने वयाच्या बाळांवर अमेरिकेत झालेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, पुढील सहा महिने दाब व गरजेपुरते थेंब एवढेच करून सुमारे दोन-तृतीयांश बाळांचे डोळे मोकळे झाले. म्हणून पाचव्या-सहाव्या महिन्यात घाईने शस्त्रक्रियेचा आग्रह धरण्याचे सहसा कारण नसते.

पण थांबण्यालाही मर्यादा आहे. एक वर्ष पूर्ण झाल्यावर आपोआप उघडण्याचा वेग मंदावतो. त्यामुळे बारा महिन्यांच्या आसपास प्रोबिंगचा विचार करणे ही प्रचलित पद्धत आहे. काही नेत्रतज्ज्ञ वाढदिवसाच्या थोडे आधी करतात, काही आणखी काही महिने थांबतात. दोन्हींमागे कारणे आहेत. पिशवीत पू होऊन सूज आली असेल, जन्मतःच निळसर फुगवटा असेल, किंवा थेंब देऊनही संसर्ग पुनःपुन्हा होत असेल, तर मात्र वयाची वाट न पाहता ते लवकर करावे लागते.

वरील मुलीला बारा महिने पूर्ण झाल्यावर आम्ही एक सोपी तपासणी केली. दोन्ही डोळ्यांत फ्लुरेसीन नावाच्या पिवळ्या रंगाचा थेंब घातला आणि पाच मिनिटांनी निळ्या प्रकाशात पाहिले. उजव्या डोळ्यातील रंग जवळजवळ नाहीसा झाला होता. डाव्यात पापणीच्या कडेने पिवळा पट्टा तसाच उभा होता. त्याच वेळी दोन्ही डोळ्यांचा चष्म्याचा नंबरही तपासला, कारण एकाच बाजूस अडथळा असलेल्या काही मुलांत दोन डोळ्यांच्या नंबरांत फरक आढळतो आणि तो वेळीच कळलेला बरा.

प्रोबिंग म्हणजे काय?

"इतक्या लहान जिवाला भूल द्यायची?" हा प्रश्न आजोबांनी विचारला आणि तो रास्तच होता. वर्षाचे मूल शांत पडून राहू शकत नाही आणि सळई अरुंद वाटेतून जात असताना डोके हलले तर वाट सोडून ती बाजूच्या ऊतीत शिरू शकते. म्हणून या वयात भूल देणे अधिक सुरक्षित ठरते. लहान मुलांना भूल देण्याचा अनुभव असलेले भूलतज्ज्ञ असावेत, एवढे मात्र पालकांनी अवश्य विचारून घ्यावे.

भुलीपूर्वी पोट रिकामे लागते. साधारणपणे वरचे दूध सहा तास आणि आईचे दूध चार तास आधी बंद करतात. नेमकी वेळ भूलतज्ज्ञ सांगतील तीच पाळावी. येथे मायेपोटी दिलेला एक घोटही धोक्याचा ठरतो, कारण भुलीत उलटी होऊन दूध श्वासनलिकेत जाऊ शकते. बाळाला सर्दी-खोकला असेल तर दिवस पुढे ढकलतात. या मुलीलाही ठरलेल्या दिवशी सर्दी होती, म्हणून तीन आठवडे थांबून तेराव्या महिन्यात प्रोबिंग केले.

प्रत्यक्ष कृती सुमारे दहा मिनिटांची असते. कोठेही चिरा नसतो, टाका नसतो. पापणीवरील छिद्र किंचित रुंद करून बोथट टोकाची अतिशय बारीक धातूची सळई त्यातून पिशवीत आणि तेथून नळीत उतरवतात. तळाच्या पडद्याशी हाताला हलकासा अडथळा लागतो आणि तो सुटल्याचे जाणवते. नंतर छिद्रातून रंगीत खारट पाणी सोडतात. ते नाकात उतरले म्हणजे वाट मोकळी झाली. या मुलीच्या बाबतीत तसेच झाले. संध्याकाळी ती घरी गेली. त्या रात्री नाकातून गुलाबी पाण्याचे एक-दोन थेंब आले. ते अपेक्षित असते. रक्त वाहत राहिले तरच रुग्णालयास कळवावे. आठवडाभर थेंब घातले आणि दुसऱ्या आठवड्याअखेर डावा डोळाही कोरडा झाला.

सर्वांचेच असे होते असे नाही. पहिल्या प्रोबिंगने साधारण पाचांपैकी चार मुले बरी होतात. उरलेल्यांत अडथळा केवळ पातळ पडद्याचा नसून नळीच अरुंद असते किंवा हाडाची अडचण असते. सहा आठवड्यांनंतरही पाणी येत राहिल्यास पुन्हा तपासणी करतात. मग दुसरे प्रोबिंग, काही महिन्यांसाठी नळीत सिलिकॉनची मऊ नळी ठेवणे किंवा फुग्याने वाट रुंद करणे असे पर्याय असतात. पिशवीतून नाकात नवी वाट करण्याची मोठी शस्त्रक्रिया फार थोड्या मुलांना लागते आणि तीही हे उपाय निष्फळ ठरल्यावर, बहुधा मूल थोडे मोठे झाल्यावर.

घरी ज्यांच्या मांडीवर असे बाळ आहे, त्यांनी पुढच्या भेटीत डॉक्टरांकडून औषधाची चिठ्ठी घेऊन लगेच उठू नये. स्वतः दाब देऊन दाखवावा आणि बोट योग्य जागी आहे का, हे विचारावे. आई कामात असताना आजी, काकू किंवा दाई दाब देत असतील, तर त्यांनाही बरोबर न्यावे. कारण बाळाला आंघोळ घालणारा हातच बहुधा दाब देणारा असतो. घरच्या दिनदर्शिकेवर बाळाचा पहिला वाढदिवस लिहिलेला असतोच. त्याच्या पंधरा दिवस आधीच्या तारखेवर "डोळ्यांची तपासणी" एवढे दोन शब्द आजच लिहून ठेवावेत.